वडिलांबरोबरचं जॉइंट खातं: पैसे काढायचे कोणी आणि ते कोणाचे?

दिवसकार्य उरकतं, चाकरमानी परतीच्या गाडीची तिकिटं बघायला लागतात आणि मग घरात विषय निघतो: बाबांच्या बँकेतल्या पैशांचं काय करायचं? खातं बाबांच्या आणि गावातच राहणाऱ्या धाकट्या मुलाच्या नावावर जॉइंट असतं. धाकटा म्हणतो, खात्यावर माझं नाव आहे, पैसे माझे. मुंबईचा थोरला म्हणतो, बँकेला अर्ज देऊन खातं बंद पाडतो. मला वाटतं, इथे दोघांचंही चुकतं. धाकट्याला पैसे काढता येतात, पण तेवढ्याने ते त्याचे होत नाहीत. थोरल्याचा हिस्सा खरा आहे, पण बँकेला नुसता अर्ज देऊन त्याला ते पैसे अडवता येत नाहीत.

पैसे काढण्याचा अधिकार आणि पैशाची मालकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न बँक सोडवते, दुसरा वारसा कायदा आणि गरज पडली तर दिवाणी न्यायालय. घरातली भांडणं बहुतेक वेळा या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे पेटतात.

समजायला सोपं जावं म्हणून देवगड तालुक्यातलं एक घर धरू. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, थोडी हापूसची कलमं. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, मुंबईला असलेला थोरला मुलगा, गावातला धाकटा मुलगा आणि कणकवलीला दिलेली मुलगी. बचत खातं वडील आणि धाकटा यांच्या नावावर, कारण गुडघे दुखायला लागल्यावर वडिलांना शाखेत जाणं जमेना. शिवाय तीन लाखांची एक मुदत ठेव वडील आणि आईच्या नावावर. बचत खात्याला नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव. घर काल्पनिक आहे, पण गुंता अगदी नेहमीचा.

आधी पासबुकाचं पहिलं पान बघा

जॉइंट खातं म्हटलं की सगळी सारखीच, असं नसतं. खातं कोणी कसं चालवायचं, हे उघडतानाच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं आणि सहसा पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा ठेवीच्या पावतीवरही छापलेलं असतं. पुढचं सगळं या एका ओळीवर ठरतं.

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवावं आणि एक गेल्यावर मागे राहिलेल्याला रक्कम मिळावी. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिलं नाव ज्याचं, त्यानेच हयातीत चालवावं; तो गेल्यावर दुसऱ्याला मिळावं. आणि ‘जॉइंटली’ म्हणजे दोघांच्या सहीनेच व्यवहार. या तिसऱ्या प्रकारात मागे राहिलेल्याला एकट्याने रक्कम घेण्याचा अधिकार दिलेलाच नसतो. पानावर काही छापलेलं नसेल, तर खातं उघडण्याचा मूळ फॉर्म बघून प्रकार लेखी कळवा, असा अर्ज शाखेत द्या. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर पुढची पावलं टाकू नका.

आपल्या घरातलं बचत खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आहे आणि ठेव ‘जॉइंटली’ आहे. एकाच घरातल्या, कदाचित एकाच शाखेतल्या या दोन रकमांचे रस्ते इथून वेगळे होतात.

बचत खातं: धाकट्याने काय करायचं

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. वडील गावात गेले असतील तर दाखला ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत देईल. पण उपचाराला मुंबईला नेलं आणि तिथल्या रुग्णालयात गेले, तर तो मुंबई महापालिकेकडून घ्यावा लागतो. गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे मारून उपयोग नाही. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून ठेवा आणि त्यावरचं नाव पासबुकाशी अक्षराला अक्षर जुळतं का, ते तिथेच तपासा. मधलं नाव किंवा आडनाव वेगळं पडलं की बँक पुन्हा प्रतिज्ञापत्र मागते.

दाखल्याची प्रत, पडताळणीसाठी मूळ दाखला, स्वतःचे ओळखीचे कागद आणि बँकेचा छापील अर्ज एवढ्यावर धाकट्याचं काम व्हायला हवं. रिझर्व्ह बँकेने 2005 सालीच बँकांना बजावलं आहे की खात्यात मागे राहिलेल्याला रक्कम देण्याची सोय असेल, तर त्याच्याकडून वारस प्रमाणपत्र, हमीपत्र किंवा जामीनदार मागू नयेत. रक्कम कितीही असली तरी. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल एकत्रित निर्देश काढले आणि ते अमलात आणायला बँकांना 31 मार्च 2026 पर्यंतची मुदत दिली. त्यांतही हेच तत्त्व कायम आहे. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत दावा निकाली काढायचा आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर उशिराच्या काळाचं व्याज भरपाई म्हणून द्यायचं, असंही त्यांत आहे.

बँकेने मात्र तीन गोष्टी पाहायच्या असतात. मृत्यू खरंच झाला आहे आणि समोरचा माणूस तोच आहे, याची कागदोपत्री खात्री. रक्कम देऊ नये असा सक्षम न्यायालयाचा आदेश नाही, याची खात्री. आणि तुम्ही ही रक्कम वारसांचे विश्वस्त म्हणून घेत आहात, हे मागे राहिलेल्याला स्पष्ट सांगणं. हे तिसरं वाक्य अर्जात बारीक अक्षरात असतं आणि ते न वाचताच सही होते. धाकट्याच्या हातात पैसे येतात, पण त्या पैशांवर इतरांचा जो काही हक्क असेल तो तसाच राहतो, असं त्या वाक्यात लिहिलेलं असतं.

या दिवसांत एक पथ्य धाकट्याने कडक पाळावं. वडिलांचं एटीएम कार्ड आणि मोबाइलवरचा पासवर्ड त्यांच्या मृत्यूनंतर वापरू नये. स्वतःच्या नावाने खातं चालवण्याचा अधिकार असताना मेलेल्या माणसाच्या कार्डाने पैसे काढले, तर पुढे न्यायालयात तेच विवरणपत्र तुमच्या विरोधात उभं राहतं. बँकेला मृत्यू कळवण्याआधी घाईघाईने खातं रिकामं करणंही तसंच. अधिकार असतो, पण हेतूवर संशय येतो आणि भावंडं थेट वकिलाकडे जातात.

नॉमिनी असलेला थोरला

थोरला शाखेत जाऊन सांगतो की नॉमिनी मी आहे. जॉइंट खात्यात नॉमिनीचा क्रम सर्वांत शेवटी येतो. सगळे खातेदार गेल्यावरच त्याला बँकेकडून रक्कम घेता येते. धाकटा हयात असेपर्यंत नॉमिनी म्हणून थोरल्याला या खात्यातून एक रुपयाही मागता येत नाही.

आणि धाकटाही नसता, थोरल्याला नॉमिनी म्हणून रक्कम मिळाली असती, तरी तो मालक झाला नसता. राम चंदर तलवार विरुद्ध देवेंद्र कुमार तलवार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवीबद्दल हे स्पष्ट केलं आहे: नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी वारसा कायद्यानेच ठरते. त्यामुळे बाबांनी नॉमिनी मला केलं म्हणजे त्यांच्या मनात मीच होतो, हा युक्तिवाद भावनेला धरून असेल, कायद्याला धरून नाही.

हरकतीचा अर्ज का चालत नाही

थोरला आता लेखी हरकत देतो: वारसांत वाद आहे, कोणालाही पैसे देऊ नयेत. अशा अर्जावर पोच मिळाली की लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. बँकिंग नियमन कायद्याचं कलम 45झेडबी सांगतं की ज्यांच्या नावावर ठेव आहे त्यांच्याशिवाय इतर कुणाच्या दाव्याची नोटीस बँकेने घ्यायची नाही आणि दिली तरी ती बँकेवर बंधनकारक नाही. अपवाद एकच: सक्षम न्यायालयाचा हुकूमनामा, आदेश, प्रमाणपत्र किंवा तत्सम अधिकारपत्र दाखवलं, तर त्याची दखल घ्यावीच लागते.

व्यवहारात काही शाखाधिकारी असा अर्ज आल्यावर घाबरून खातं थांबवतात आणि दोन्ही बाजूंना सांगतात, आपसांत मिटवून या. थोरल्याला वाटतं आपलं काम झालं. पण धाकट्याने वर तक्रार केली की शाखेला पैसे द्यावे लागतात, आणि तोवर थोरल्याचा वेळ हातून गेलेला असतो.

खरोखर अडवायचं असेल तर रस्ता दिवाणी न्यायालयाचा आहे. वाटप आणि हिस्सा ठरवून मिळण्याचा दावा लावायचा आणि त्याच दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज करायचा. जिल्हा न्यायालय सिंधुदुर्गात ओरोसला, रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरीला आणि रायगडात अलिबागला आहे. रकमेप्रमाणे दावा तालुक्याच्या न्यायालयात लावायचा की वरिष्ठ स्तराच्या, हे वकील पाहतील. मनाईच्या अर्जात खाते क्रमांक, शाखा आणि मृत्यूच्या दिवशीची शिल्लक असू द्या, आणि बँकेलाही प्रतिवादी करा. ‘वडिलांची सर्व बँक खाती’ असं मोघम लिहिलेला आदेश घेऊन गेलात तर शाखेला तो नेमका कुठे लावायचा ते कळत नाही. आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत त्याच दिवशी शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या. समोरच्याचं म्हणणं न ऐकता एकतर्फी आदेश मिळाला असेल, तर समोरच्याला अर्जाची आणि कागदांची प्रत लगेच पाठवणंही तुमच्यावर बंधनकारक असतं.

धाकट्याला असा दावा येणार अशी कुणकुण लागली, तर त्याला कॅव्हेट दाखल करता येतं. मग त्याला कळवल्याशिवाय आदेश होत नाही. कॅव्हेट 90 दिवस चालतं, पुढे पुन्हा भरावं लागतं.

आई आणि मुलगी यांनी एक लक्षात ठेवावं: विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. तिथे दावा दाखल होण्याआधीही लोक अदालतीसमोर तडजोड करता येते, आणि तिथे झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचा दर्जा असतो. घरच्या खळ्यात पंचांसमोर लिहिलेल्या कागदाला तो नसतो. आपल्या घरासारख्या वादात मी हाच रस्ता आधी सुचवेन, कारण इथे भांडण रकमेपेक्षा हिशेबाचं असतं.

पैसे नेमके कोणाचे

वडील आणि मुलाच्या नावावर खातं आहे म्हणून अर्धं मुलाचं, किंवा वडील गेले म्हणून सगळं मुलाचं, असं भारतात गृहीत धरलं जात नाही. पैसे कोणी भरले, हा पहिला प्रश्न. पतीने स्वतःच्या आणि पत्नीच्या नावाने ठेवलेल्या, दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहिलेल्याला देय असलेल्या ठेवीबद्दल ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, 1928 मध्येच म्हटलं होतं की नुसत्या तशा नावावरून पत्नीला बक्षीस दिलं असं मानता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये इंद्रनारायण विरुद्ध रूपनारायण या खटल्यात वडील-मुलाच्या जॉइंट ठेवींबाबत हीच भूमिका घेतली. वडिलांनी मला हे बक्षीस दिलं, असं ज्याचं म्हणणं, ते त्याने सिद्ध करायचं. ‘तू बघ रे सगळं’ हे वाक्य बक्षीस ठरत नाही.

आता हिशेब. मृत्यूनंतर महिन्याभराने पासबुकावर 5,82,000 रुपये दिसतात. त्यातले 22,000 ही मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन, चुकून जमा झालेली. ती कोणाचीच नाही. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला परत जाणार. बँकेला मृत्यू लवकर कळवण्याचं हेही एक कारण, नाहीतर ती रक्कम खर्च होते आणि पुढे वसुली निघते. उरले 5,60,000.

यातले 80,000 धाकट्याने स्वतःच्या टेम्पोच्या भाड्यातून भरलेले आहेत आणि त्याच्या पावत्या, नोंदी आहेत. ते त्याचेच. उरलेले 4,80,000 वडिलांच्या पेन्शनचे आणि आंब्याच्या पट्टीचे. त्यातून रुग्णालयाचं थकलेलं बिल आणि अंत्यविधी यांवर 40,000 गेले. हा खर्च वाटपाआधी वजा व्हायला हवा आणि त्याच्या पावत्या धाकट्याने जपायला हव्यात. तेराव्याच्या जेवणावळीचा मोठा खर्च सगळ्यांना न विचारता केला असेल, तर तो वजा करण्यावरून वाद होतो. आधीच विचारून घेतलेलं बरं. वाटपाला राहिले 4,40,000.

हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि हयात असेल तर आई, यांना सारखा एकेक हिस्सा. इथे आजी नाही. म्हणून चार हिस्से, प्रत्येकी 1,10,000. मुलीचं लग्न झालं, तिला दागिने दिले, म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. एखादा मुलगा वडिलांच्या आधी गेला असेल, तर त्याचा एक हिस्सा त्याच्या पत्नी-मुलांना जातो. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत हिस्से त्यांच्या त्यांच्या कायद्याने पडतात आणि ते वेगळे असतात. पण बँकेसमोरचा रस्ता सगळ्यांना एकच.

म्हणजे खात्यातून रक्कम एकटा धाकटा काढू शकतो, पण 5,60,000 पैकी त्याचे स्वतःचे 80,000 आणि हिस्स्याचे 1,10,000, मिळून 1,90,000. उरलेल्यांचे 3,30,000 त्याच्याकडे विश्वासाने आलेले. ते त्याने दिले नाहीत, तर वारसांचा दावा त्याच्याविरुद्ध लागतो. नियमाप्रमाणे रक्कम देऊन मोकळ्या झालेल्या बँकेविरुद्ध नाही.

मृत्युपत्र असेल तर हिस्से त्याप्रमाणे बदलतात. त्यानेही बँकेचं काम बदलत नाही: न्यायालयाचा आदेश नसेल तर रक्कम मागे राहिलेल्यालाच.

ठेव ‘जॉइंटली’ असेल तर

आई-वडिलांच्या तीन लाखांच्या ठेवीचं गणित उलटं आहे. दोघांच्या सहीची अट असल्याने आई एकटी ती घेऊ शकत नाही. आई आणि वडिलांचे बाकीचे वारस मिळून मागणी करतात, किंवा बाकीचे ना-हरकत देतात. नॉमिनी आणि सर्व्हायव्हर दोन्हींची सोय नसलेल्या खात्यांसाठी 2025 च्या निर्देशांत सोपी पद्धत आहे: सहकारी बँकांत निदान पाच लाखांपर्यंत आणि इतर बँकांत निदान पंधरा लाखांपर्यंत हमीपत्र, ना-हरकत आणि वारसांबद्दलचं घोषणापत्र यांवर काम होतं. मात्र वाद नसेल तरच. थोरल्याने सही नाकारली की न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणावं लागतं.

हे वारस प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 372 खाली, मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या न्यायालयाकडून मिळतं. अर्जात सगळ्या वारसांची नावं द्यावी लागतात, नोटिसा निघतात, सहसा वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही येते. एखाद्या वारसाचं नाव गाळलं की पुढे प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. तलाठ्याकडची वारस नोंद किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जमिनीच्या कामाला आणि कुटुंबात कोण कोण आहे हे दाखवायला उपयोगी पडतो, पण वाद असताना बँक त्यावर पैसे देणार नाही. आणि ज्याच्या नावे प्रमाणपत्र निघालं तोही मालक होत नाही. ते रक्कम गोळा करण्याचं अधिकारपत्र आहे. हिस्से तसेच राहतात.

ठेवीची मुदत अजून संपलेली नसेल तर आणखी एक बाब तपासा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवसुद्धा मागे राहिलेल्याला मुदतीआधी मोडता येते ती दोघांनी तशी परवानगी आधी लिहून दिली असेल तरच. नसेल तर मृताच्या वारसांची संमती लागते. मुदत संपल्यावर मात्र हा प्रश्न उरत नाही.

सही करण्यापूर्वी कागद वाचा

मुंबईला किंवा सासरी असलेल्या वारसांकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक मसुदा येतो: यावर सही करून पाठव, बँकेला लागतंय. त्यात काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. ‘अमुक खातेदाराने रक्कम स्वीकारण्यास माझी हरकत नाही, माझा हिस्सा अबाधित ठेवून’ यावर सही करायला अडचण नाही. ‘मी माझा हक्क कायमचा सोडला आहे’ असं असेल, तर ते वेगळंच काम आहे, आणि बँकेला तसं लिहून घेण्याची गरज नसते. खरंच सोडायचा असेल तर समजून-उमजून सोडा. पण बँकेच्या नावाखाली बहिणींकडून हक्कसोड घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती थांबायला हवी असं मला मनापासून वाटतं.

बँक ऐकत नसेल तर

सर्व्हायव्हरकडे वारस प्रमाणपत्र मागितलं, किंवा नुसत्या हरकतीवर खातं अडवलं, तर नकार लेखी मागा. मग त्याच बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. तोच वाद न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. भावंडांमधले हिस्सेही ते ठरवत नाहीत, फक्त बँक नियमाने वागली का एवढंच पाहतात.

खातं गावच्या पतसंस्थेत असेल तर वरचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नाहीत. तिथे संस्थेचे उपविधी मागून घ्या आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करा. पोस्टातल्या खात्यांचे नियमही स्वतंत्र आहेत; त्यांचा दाव्याचा फॉर्म पोस्टातच मिळतो.